थेंब किती, औषध किती? बाळाचे लोहाचे आणि ड जीवनसत्त्वाचे ड्रॉप्स मोजताना

औषधांच्या दुकानात लोहाच्या ड्रॉप्सच्या तीन वेगवेगळ्या बाटल्या मागून घ्या आणि काउंटरवर शेजारी शेजारी ठेवा. आकार सारखा, खोक्यावर हसरं बाळ, टोपणाला रबरी फुग्याचा ड्रॉपर. आता लेबलवरची बारीक अक्षरं वाचा. एका बाटलीत प्रत्येक एमएलमागे १० मिलिग्रॅम लोह असतं, दुसरीत २५ आणि तिसरीत ५०. म्हणजे तिसऱ्या बाटलीतल्या एका ड्रॉपरमध्ये पहिल्या बाटलीतल्या पाच ड्रॉपरइतकं लोह मावतं. ड जीवनसत्त्वाच्या बाटल्यांमध्ये हा फरक याहूनही मोठा आहे. म्हणून ‘माझ्या भाचीला रोज एक एमएल देत होते, तूही तेवढंच दे’ हा सल्ला कितीही मायेनं दिलेला असला तरी बाटली तीच आहे का, हे पाहिल्याशिवाय पाळू नये.

डोस ठरतो तो लोहाच्या बाबतीत मिलिग्रॅममध्ये आणि ड जीवनसत्त्वाच्या बाबतीत आययूमध्ये. एमएल हे त्या डोसाला बाटलीतून बाहेर काढण्याचं माप. थेंब हे त्या एमएलचं सगळ्यांत ढोबळ रूप. चिठ्ठीवर नुसतं ‘१५ थेंब’ लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांना तिथेच विचारून घ्या: ‘म्हणजे किती एमएल, आणि किती मिलिग्रॅम?’ हे विचारण्यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही. दुकानदारानं नेहमीची कंपनी नाही म्हणून दुसरी बाटली दिली, तर चिठ्ठीवरच्या मिलिग्रॅमच्या आकड्यावरून एमएलचा हिशेब पुन्हा करता येतो. नुसत्या थेंबांवरून तो करता येत नाही.

आधी लोहाचा हिशेब पाहू, कारण तो बाळाच्या वजनाप्रमाणे बदलतो.

पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ जन्मताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. ही शिदोरी गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भरली जाते आणि साधारण चार ते सहा महिने पुरते. आईच्या दुधातलं लोह बाळाच्या अंगी चांगलं लागतं, पण त्याचं प्रमाण मुळात फार कमी असतं. त्यामुळे सहाव्या महिन्यानंतर वरच्या अन्नातून आणि गरजेप्रमाणे औषधातून लोह मिळावं लागतं. आपल्याकडे ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात ६ महिने ते ५९ महिने वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ एमएल लोह-फॉलिक अ‍ॅसिडचं सिरप दिलं जातं. त्या एका एमएलमध्ये २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. सिरपची ५० एमएलची बाटली आशाताई घरी आणून देतात आणि कसं द्यायचं ते दाखवतात.

जे बाळ लवकर जन्मलं किंवा जन्मताना ज्याचं वजन अडीच किलोपेक्षा कमी होतं, त्याची शिदोरी अर्धीमुर्धीच भरलेली असते. अशा बाळाला सहा महिन्यांची वाट न पाहता पहिल्या दोन महिन्यांच्या आतबाहेर लोहाचे ड्रॉप्स सुरू करतात. नेमकं कधी, हे बाळाच्या वजनावर आणि प्रकृतीवर डॉक्टर ठरवतात. प्रतिबंधासाठीचा नेहमीचा डोस दर किलो वजनामागे रोज २ मिलिग्रॅम असतो. रक्त तपासून लोहाची कमतरता सिद्ध झाली असेल, तर उपचाराचा डोस वाढून दर किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅमपर्यंत जातो. हे आकडे डॉक्टरांनी लिहिलेलं समजून घेण्यासाठी आहेत. त्यावरून स्वतःच औषध सुरू करू नका. ज्या घरात थॅलेसेमिया आहे किंवा असल्याचा संशय आहे, तिथे तर तपासणीशिवाय लोह अजिबात देऊ नये, कारण त्या आजारात शरीरात लोह आधीच साठत असतं.

आता एक हिशेब पूर्ण करून पाहू. समजा, एक मुलगी ३६व्या आठवड्यात, २.१ किलो वजनाची जन्मली. दोन महिन्यांची झाली तेव्हा तिचं वजन ३.८ किलो आहे. डॉक्टरांनी दर किलोमागे २ मिलिग्रॅम लोह सांगितलं. ३.८ ला २ नं गुणलं की ७.६ मिलिग्रॅम होतात. घरात आणलेल्या बाटलीवर ‘प्रत्येक एमएलमध्ये १० मिलिग्रॅम एलिमेंटल लोह’ असं छापलेलं आहे. ७.६ ला १० नं भागलं की ०.७६ एमएल. व्यवहारात ०.७५ एमएल, म्हणजे पाऊण एमएल. पुढच्या महिन्यात ती बाटली मिळाली नाही आणि २५ मिलिग्रॅमची मिळाली, तर तोच डोस ०.३ एमएल होतो. ५० मिलिग्रॅमची मिळाली तर अवघा ०.१५ एमएल. आता चूक कुठे होते ते पाहा. आईला ‘पाऊण एमएल’ हे माप पाठ झालेलं आहे. नवी बाटली ५० मिलिग्रॅमची आहे. तिनं सवयीनं पाऊण एमएल दिलं, तर बाळाच्या पोटात ३७.५ मिलिग्रॅम लोह जातं, ठरलेल्या डोसाच्या पाचपट. एका दिवशी असं झालं तर उलटी, पोट बिघडणं यापलीकडे सहसा काही होत नाही, पण रोज रोज महिनाभर हे चाललं तर तो बाळाला त्रासच आहे.

या हिशेबात दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली म्हणजे लेबलवर नेमका कुठला आकडा वाचायचा. लोह औषधात मीठ-स्वरूपात असतं: फेरस सल्फेट, फेरस फ्युमरेट, फेरस अ‍ॅस्कॉर्बेट वगैरे. त्या मिठाचं वजन वेगळं आणि त्यातल्या खऱ्या लोहाचं वजन वेगळं. फेरस सल्फेटमध्ये सुमारे २० टक्के, तर फेरस फ्युमरेटमध्ये सुमारे ३३ टक्के लोह असतं. डॉक्टरांचा डोस नेहमी ‘एलिमेंटल’, म्हणजे शुद्ध लोहाचा असतो. लेबलवर बहुतेकदा ‘अमुक मिठाच्या रूपात, एलिमेंटल लोह इतके मिलिग्रॅम’ असं लिहितात. त्यातला हाच शेवटचा आकडा घ्यायचा. दुसरी गोष्ट म्हणजे बाळ वाढतं. वर सांगितलेली मुलगी चौथ्या महिन्यात साडेपाच किलोंची झाली, तर तिचा डोस ११ मिलिग्रॅम, म्हणजे १० मिलिग्रॅमच्या बाटलीतून १.१ एमएल होतो. लसीकरणाला नेलं की वजन होतंच. त्याच वेळी लोहाचा डोस बदलायचा का, ते विचारून घ्या.

ड जीवनसत्त्वाचा हिशेब त्या मानानं सोपा आहे, कारण तो वजनाबरोबर बदलत नाही. जन्मापासून वर्षभर रोज ४०० आययू, हा बहुतेक बाळांसाठी नेहमीचा डोस. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ, दोघंही हाच आकडा सांगतात. हल्ली परदेशी लेबलवर हा डोस १० मायक्रोग्रॅम असा लिहिलेला दिसतो. ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणून ४०० आययू आणि १० मायक्रोग्रॅम एकच.

इथे आजीचा एक प्रश्न हमखास येतो: ‘आम्ही तर बाळाला कोवळ्या उन्हात धरायचो, तेवढं पुरायचं की!’ ऊन दाखवण्यात गैर काहीच नाही, पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळच्या कोवळ्या उन्हात फारच थोडे असतात. ते भरपूर असतात दुपारच्या आसपास, आणि त्या उन्हात तान्ह्या बाळाला उघडं ठेवणं बरं नव्हे. आईच्या दुधातही ड जीवनसत्त्व अगदी थोडं असतं, आणि आईमध्येच त्याची कमतरता असेल तर आणखी थोडं. म्हणून हे ड्रॉप्स अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळालाही सांगितले जातात. बाळ डब्याच्या दुधावर असेल, तर त्या दुधात ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं, ते डॉक्टरांना सांगा आणि डोस त्यांना ठरवू द्या.

बाटल्या मात्र इथेही वेगवेगळ्या आहेत. आपल्याकडे एका एमएलमध्ये ४०० आययू असलेले ड्रॉप्स मिळतात, तसे ८०० आययू असलेलेही मिळतात. पहिल्यातून १ एमएल द्यायचं, दुसऱ्यातून ०.५ एमएल. ८०० च्या बाटलीतून १ एमएल रोज गेलं तर डोस दुप्पट होतो. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला रोज १,००० आययू आणि सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला १,५०० आययू ही वरची सुरक्षित मर्यादा मानतात. त्यामुळे एखाद्या दिवशी दुप्पट डोस गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. पण त्यात कॅल्शियमचं सिरप आणि मल्टिव्हिटॅमिन ड्रॉप्स आणखी मिळवले, तर मर्यादा ओलांडली जाऊ शकते. या दोन्हींत बऱ्याचदा ड जीवनसत्त्व मिसळलेलं असतं. घरात बाळासाठी दोन-तीन बाटल्या असतील, तर प्रत्येकीच्या लेबलवरून ड जीवनसत्त्वाचा आकडा काढून रोजची बेरीज करून पाहा.

खरा धोका मात्र दोन जास्त तीव्रतेच्या प्रकारांचा आहे. एक आपल्याकडचा, एक परदेशातला.

आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी ६०,००० आययूची छोटी प्लास्टिकची बाटली किंवा पावडरीची पुडी सर्रास मिळते. आठवड्यातून एकदा घ्यायची ती. बाळाच्या रोजच्या ४०० आययूच्या हिशेबानं ही एक बाटली म्हणजे १५० दिवसांचा डोस. तिचं आणि बाळाच्या ड्रॉप्सचं काम एकच आहे असं समजून कोणी ती बाळाला चार-पाच वेळा पाजली, तर त्याच्या रक्तातलं कॅल्शियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. मुडदुसावरच्या उपचारात डॉक्टर मोठे डोस देतात, पण ते मोजून, रक्त तपासून आणि ठरावीक काळापुरतेच. मोठ्यांची बाटली आणि बाळाचे ड्रॉप्स एकाच कप्प्यात ठेवू नका.

परदेशातला प्रकार म्हणजे एका थेंबात ४०० आययू असलेले तेलकट ड्रॉप्स. अमेरिका-कॅनडात राहणाऱ्या अनेक मराठी घरांत हेच वापरतात आणि सुट्टीत येताना नातवासाठी एखादी बाटली पुण्या-मुंबईलाही आणतात. औषध चांगलंच आहे, पण पद्धत वेगळी आहे. यात ड्रॉपर नसतो. बाटलीच्या तोंडालाच थेंब पाडणारी तोटी असते. बाटली सरळ उलटी धरून न हलवता थांबायचं, एक थेंब पडतो. तो स्तनाग्रावर किंवा चमच्यावर घेऊन बाळाला चाटवायचा. असा एक थेंब साधारण ०.०३ एमएलपेक्षा थोडा कमी असतो. आता आजीच्या सवयीत ‘रोज एक एमएल’ असेल आणि तिनं या बाटलीतून एमएल काढून दिला, तर एका खेपेत बाळाला सुमारे १४,००० आययू जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० साली याच प्रश्नावर पालकांना सावध केलं होतं. त्या वेळी काही द्रवरूप ड जीवनसत्त्वाच्या बाटल्यांसोबत येणाऱ्या ड्रॉपरमध्ये ४०० आययूपेक्षा कितीतरी जास्त औषध मावत होतं, आणि पालक ड्रॉपर भरून देण्याचा धोका होता. बाळांच्या औषधासोबतच्या ड्रॉपरमध्ये ४०० आययूपेक्षा जास्त मावू नये, असं त्या प्रशासनानं कंपन्यांना सुचवलं होतं.

आता थेंबांकडे येऊ. शाळेत शिकलेलं ‘एक एमएल म्हणजे २० थेंब’ खरं आहे, पण ते पाण्यासाठी आणि एका विशिष्ट ड्रॉपरसाठी. औषधशास्त्रात प्रमाणित ड्रॉपरची व्याख्या अशी आहे: तो सरळ उभा धरला आणि २० अंश सेल्सिअस तापमानाचं शुद्ध पाणी दर सेकंदाला एक थेंब या गतीनं सोडलं, तर २० थेंबांचं वजन एक ग्रॅमच्या आसपास भरतं. तुमच्या बाटलीचा ड्रॉपर तसा असेलच असं नाही, आणि औषध पाणी नाही. थेंब किती मोठा पडेल हे ड्रॉपरच्या टोकाची जाडी, द्रवाचा पृष्ठताण आणि त्याचा घट्टपणा यांवर ठरतं. तेलाचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असतो, म्हणून तेलाचा थेंब पाण्यापेक्षा लहान असताना तुटून पडतो. ड्रॉपर तिरका धरला तर थेंबाचा आकार बदलतो, आणि फुगा जोरात दाबला तरी बदलतो. बुडबुडा असेल तर एखादा थेंब अर्ध्या हवेचाच पडतो.

हे घरीच तपासून पाहता येतं. औषधाच्या दुकानातून १ एमएलची, दशांशाच्या खुणा असलेली तोंडावाटे औषध द्यायची सिरिंज आणा. सिरिंजचा दट्ट्या काढून तिचं खालचं टोक बोटानं बंद करा आणि औषधाचा ड्रॉपर सरळ उभा धरून थेंब मोजत सिरिंजमध्ये टाका. १ एमएलच्या खुणेपर्यंत पातळी आली की किती थेंब पडले ते पाहा. समजा २८ पडले. मग चिठ्ठीवरचे ‘१५ थेंब’ म्हणजे तुमच्या बाटलीतून ०.५४ एमएल. डॉक्टरांच्या मनात २० थेंबांचा हिशेब असेल, तर त्यांना द्यायचं होतं ०.७५ एमएल. बाळाला महिनाभर ठरलेल्या लोहाच्या तीन-चतुर्थांशाहूनही कमी लोह मिळत राहिलं असतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नसतं. एवढ्यासाठी माझा आग्रह असा की, लेबलवर ‘प्रत्येक थेंबात इतकं’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तेव्हाच थेंब मोजा. बाकी सगळ्या वेळी एमएल मोजा.

एमएल मोजायला खुणांचा ड्रॉपर चालतो, पण त्याच बाटलीसोबत आलेला. एका औषधाचा ड्रॉपर दुसऱ्याला वापरू नका, कारण ड्रॉपरवरच्या खुणा कंपनीप्रमाणे वेगळ्या असतात. काहींवर ०.५ आणि १ अशा दोनच रेघा असतात. पाऊण एमएल द्यायचं असेल तर मधला अंदाज करावा लागतो, तिथे सिरिंजच बरी. ०.१५ किंवा ०.३ सारखा लहान डोस असेल तर ड्रॉपरचा विचारच सोडा. घरातला चहाचा चमचा कुठल्याच ड्रॉप्ससाठी वापरू नये. चमच्या-चमच्यांत दुपटीचाही फरक पडतो.

सिरिंज घेताना एक दक्षता घ्या. इन्सुलिनची सिरिंज दिसायला तशीच बारीक आणि १ एमएलची असते, पण तिच्यावर एमएल नसून इन्सुलिनची युनिट्स छापलेली असतात. लाल टोपणाच्या ४० युनिटच्या सिरिंजवर ४० ची खूण म्हणजे १ एमएल. तिच्यावर ‘२०’ पाहून ते ०.२० एमएल समजलं, तर प्रत्यक्षात अर्धा एमएल जातो. शिवाय तिला सुई जोडलेलीच असते. ती बाळाच्या औषधासाठी नकोच. साध्या सिरिंजलाही टोकाला छोटं टोपण असेल, तर ते औषध देण्याआधी काढून बाजूला टाका. ते बाळाच्या घशात अडकल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत.

मोजताना बाटली आधी हलवून घ्या, विशेषतः तळाशी गाळ बसणारं लोहाचं औषध. ड्रॉपरचा फुगा दाबून टोक औषधात बुडवा आणि हळूच सोडा. मग ड्रॉपर सरळ उभा, डोळ्यांच्या समोर धरा. काचेच्या नळीत द्रवाचा पृष्ठभाग कडेला थोडा वर चढतो आणि मध्ये खोलगट असतो. खूण त्या खोलगट भागाच्या तळाशी जुळवायची. खालून किंवा वरून तिरकं पाहिलं तर आकडा चुकतो. बुडबुडा दिसला तर परत सोडून पुन्हा भरा. गडद रंगाच्या लोहात बुडबुडा दिसत नाही, म्हणून खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहा.

पाजताना बाळाला मांडीवर थोडं उठवून धरा आणि ड्रॉपर किंवा सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवून थोडं थोडं सोडा. थेट घशाकडे पिचकारी मारली तर ठसका लागतो. लोह गालाच्या मागच्या बाजूला सोडलं तर पुढच्या दातांवर काळसर डाग कमी पडतात. डाग पडलेच तरी ते वरवरचे असतात आणि निघून जातात. औषध दुधाच्या पूर्ण बाटलीत किंवा बोंडल्यातल्या सगळ्या दुधात मिसळू नका. बाळानं अर्धं दूध टाकलं तर डोस किती गेला ते कळत नाही. ड जीवनसत्त्व दुधाच्या वेळी दिलं तरी चालतं, किंबहुना दुधातल्या स्निग्धांशानं ते नीट लागतं. लोह मात्र दोन दुधांच्या मध्ये दिलेलं बरं. पोट बिघडत असेल तर डॉक्टर दुधानंतर द्यायला सांगतात, तेही योग्यच. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी देऊ नका, दोहोंमध्ये दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. ड्रॉपरचं टोक बाळाच्या तोंडाला लागलं असेल, तर तसाच परत बाटलीत घालू नका. कोमट पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून घाला, नाहीतर उरलेलं पाणी औषध पातळ करतं.

बाळानं पाजल्याबरोबर सगळं ओकून टाकलं, तर लगेच दुसरा डोस देऊ नका, किती वेळानं उलटी झाली ते लिहून डॉक्टरांना विचारा. एक दिवस राहिला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. लोह सुरू झालं की शी काळपट-हिरवट होते, हे अपेक्षित आहे. डांबरासारखी चिकट काळी शी किंवा तिच्यात लालसर रक्त दिसलं, तर मात्र ते लोहामुळे आहे असं गृहीत धरू नका.

मोजमाप बरोबर चाललं आहे का, याची सोपी तपासणी बाटलीच करून देते. बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनानं लिहा. १५ एमएलची बाटली रोज ०.५ एमएल प्रमाणे ३० दिवस पुरते. ३० एमएलची बाटली रोज १ एमएल प्रमाणे तेवढीच. जी बाटली महिना पुरायला हवी ती पंधरा दिवसांत संपली, तर घरात कोणीतरी जास्त देतंय, किंवा दोघं जण दोनदा देताहेत. एकत्र कुटुंबात हे नेहमी घडतं. सकाळी आईनं दिलेलं असतं आणि दुपारी आजी पुन्हा देते. औषध देणारं माणूस एकच ठरवा, किंवा कॅलेंडरवर दिलेल्या दिवशी खूण करा. उलट बाटली दोन महिने पुरली, तर डोस कमी जातोय. आशाताईंनी दिलेलं सिरपही घरात असेल, तर ते आणि खासगी डॉक्टरांचे ड्रॉप्स दोन्ही चालू आहेत हे दोघांनाही सांगा. नाहीतर एकच लोह दोन वेगळ्या नावांनी जात राहतं.

ड जीवनसत्त्व फार जास्त झालं तर चिन्हं हळूहळू दिसतात: बाळ दूध टाकतं, वारंवार ओकतं, शी कडक होते, लघवी फार होते, मलूल पडतं, वजन वाढत नाही. अशा वेळी ड्रॉप्स ताबडतोब थांबवा आणि सगळ्या बाटल्या घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तातलं कॅल्शियम तपासलं की कळतं.

लोहाची विषबाधा याहून वेगानं होते, आणि ती बहुधा ड्रॉपरच्या चुकीनं होत नाही. ती होते रांगणाऱ्या बाळानं किंवा मोठ्या भावंडानं बाटलीच तोंडाला लावली तर. दर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी लोह गेलं तर सहसा गंभीर काही होत नाही. ६० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर जीवाला धोका असतो. २५ मिलिग्रॅमची ३० एमएलची भरलेली बाटली आठ किलोंच्या बाळानं संपवली, तर दर किलोमागे सुमारे ९४ मिलिग्रॅम जातात. उलट्या, रक्ताचे जुलाब, सुस्ती ही सुरुवातीची लक्षणं. मग काही तासांनी बाळ सुधारल्यासारखं वाटतं, आणि त्यानंतर प्रकृती अचानक ढासळू शकते. या मधल्या सुधारणेवर विसंबून घरी थांबू नका. उलटी काढायचा प्रयत्न करू नका, दूध किंवा अंडं पाजून वेळ घालवू नका. बाटली आणि तिचं टोपण सोबत घ्या, बाटलीत साधारण किती औषध उरलं होतं ते आठवून ठेवा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

पुढच्या लसीकरणाला जाताना चालू असलेल्या सगळ्या बाटल्या, त्यांचे ड्रॉपर आणि सिरिंज पिशवीत टाकून न्या. डॉक्टरांसमोर किंवा परिचारिकेसमोर एकदा रोज भरता तेवढं औषध भरून दाखवा आणि त्यांच्याकडून एमएलचा आकडा बाटलीवरच लिहून घ्या.